सिद्ध न होणारे, तरीही सगळे ज्यावर उभे आहे असे विधान
(गणनयंत्रांची लेखमाला : ट्युरिंग यंत्रानंतरचा भाग)

भास्कराचार्यांनी आपल्या गावाचे नाव विज्जडविड असे सांगितले आहे. हे विज्जडविड म्हणजे आपले बीड, असे काही अभ्यासकांचे मत आहे. चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांच्या घराण्याचा शिलालेख सापडला आहे, त्यामुळे अनेकांचा कौल त्या बाजूला जातो. हा वाद आज बाजूला ठेवू. आपल्याला त्यांच्या बीजगणितातली एक रीत हवी आहे, ती म्हणजे चक्रवाल. गेल्या आठवड्यात आपण ट्युरिंग यंत्राची पट्टी, खाने आणि अवस्था पाहिल्या. ते यंत्र नेमके कशाचे चित्र आहे, हे या रितीवरून फार स्वच्छ दिसते.

प्रश्न असा : एका पूर्ण संख्येचा वर्ग घ्यायचा, दुसऱ्या पूर्ण संख्येच्या वर्गाची १३ पट त्यातून वजा करायची आणि बाकी नेमकी १ उरली पाहिजे. म्हणजे क्ष² − १३य² = १. यातला क्ष आणि य शोधायचा. नुसते चाचपडत बसलो तर दिवस जाईल. चक्रवाल जवळच्या उत्तरापासून सुरुवात करते. क्ष = ४, य = १ घेतले तर १६ − १३ = ३. हवे होते १, आले ३. आता एक संख्या म निवडायची. तिला दोन अटी आहेत. क्ष + य·म ला ३ ने नि:शेष भाग गेला पाहिजे, आणि अशा संख्यांपैकी जिचा वर्ग १३ च्या सर्वांत जवळ असेल तीच घ्यायची. ४ + म ला ३ ने भाग जाण्यासाठी म २, ५, ८ असा असू शकतो. २ चा वर्ग ४, १३ पासून ९ ने दूर. ५ चा वर्ग २५, १२ ने दूर. म्हणून म = २.

आता नवा क्ष = (४×२ + १३×१) ÷ ३ = ७, आणि नवा य = (४ + १×२) ÷ ३ = २. पडताळा घेऊ : ४९ − ५२ = −३. पुन्हा तीच रीत, ७, २ आणि −३ वर. ७ + २म ला ३ ने भाग जाईल असा आणि वर्ग १३ च्या सर्वांत जवळ असणारा म ४ येतो. भागताना ३ घ्यायचे, उणे चिन्ह सोडायचे. क्ष = १८, य = ५, बाकी −१. चाक फिरत राहते : १३७ आणि ३८, मग २५६ आणि ७१, आणि पाचव्या फेरीला ६४९ आणि १८०. ६४९ चा वर्ग ४,२१,२०१. १८० च्या वर्गाची १३ पट ४,२१,२००. बाकी १. संपले.

ही रीत भास्कराचार्यांच्याही आधीची आहे. जयदेवांकडे ती होती आणि तिची मुळे ब्रह्मगुप्तांच्या कामात आहेत. भास्कराचार्यांनी ती ६१ साठी चालवून दाखवली. तिथली सर्वांत लहान उत्तरे १,७६,६३,१९,०४९ आणि २२,६१,५३,९८० अशी येतात. पुढे १६५७ मध्ये फर्माने हाच ६१ चा प्रश्न युरोपातल्या गणितज्ञांपुढे टाकला होता.

आता हे बघा की, वरच्या पाच फेऱ्यांत मला हुशारी कुठेच लागली नाही. प्रत्येक पायरीला पुढे काय करायचे ते नियमच सांगत होता. गणिताची गोडी नसलेल्या, पण बेरीज-गुणाकार-भागाकार येणाऱ्या माणसाने वहीपेन्सिल घेऊन हेच केले असते तर त्यालाही ६४९ आणि १८० हेच मिळाले असते. अशा पद्धतीला मी या लेखमालेत ठरीव रीत म्हणतो. तिच्या पायऱ्या संपण्याजोग्या शब्दांत लिहिता येतात, प्रत्येक पायरी यांत्रिकपणे पार पडते, आणि दोन माणसांनी केली तरी उत्तर एकच येते. उलट उदाहरण हवे असेल तर बीडच्या शेतकऱ्याला नजरअंदाज पैसेवारी पुरेशी ओळखीची आहे. उभ्या पिकाकडे पाहून अंदाज बांधायचा. तिथे अनुभवी डोळा लागतो, आणि दोन डोळ्यांचे आकडे वेगळे येऊ शकतात. ती पद्धत आहे, पण ठरीव रीत नाही.

शेकडो वर्षे गणितज्ञांनी अशा रिती शोधल्या आणि 'रीत म्हणजे काय' हे कुणी विचारले नाही. विचारायची गरजच नव्हती. रीत समोर ठेवली की ती रीत आहे हे दिसते. अडचण आली ती उलट्या प्रश्नाने. १९०० मध्ये हिल्बर्टने आपल्या यादीतल्या दहाव्या प्रश्नात मागितले : पूर्ण संख्यांचे कोणतेही समीकरण द्या, त्याला पूर्ण संख्येतले उत्तर आहे की नाही, हे ठरवणारी एकच रीत द्या. चक्रवाल एका कुळाच्या समीकरणांना पुरते. हिल्बर्टला सगळ्यांना पुरणारी हवी होती. अशी रीत सापडली तर प्रश्न मिटला. पण ती नसेलच तर? 'अशी कोणतीही रीत नाही' हे सिद्ध करायला आधी सगळ्या रिती मुठीत आल्या पाहिजेत, आणि त्यासाठी रीत म्हणजे काय हे काटेकोर सांगता आले पाहिजे.

१९३६ मध्ये ट्युरिंगने ते केले. त्याचा लेख वाचताना मला सर्वांत मोलाची वाटते ती एक गोष्ट : तो यंत्रापासून सुरू करत नाही, तो कागदावर हिशेब करणाऱ्या माणसापासून सुरू करतो. तेव्हा 'कॉम्प्युटर' म्हणजे हिशेब करणारा माणूसच. तो माणूस एका वेळी कागदाचा किती भाग पाहू शकतो? मर्यादित. किती वेगवेगळी चिन्हे ओळखू शकतो? मर्यादित, चिन्हे अगणित असतील तर काही इतकी सारखी होतील की नजरेला फरकच कळणार नाही. त्याच्या मनाच्या अवस्था किती? त्याही मर्यादित, त्याच कारणाने. मोठे काम असेल तर ते साध्या हालचालींमध्ये फोडता येते : एक खूण बदलणे, शेजारच्या खान्याकडे जाणे, मनाची अवस्था बदलणे. एवढे मान्य केले की कागदाची पट्टी झाली, मनाच्या अवस्थेची यंत्राची अवस्था झाली, आणि ट्युरिंग यंत्र तयार झाले. आपली चक्रवाल त्यावर चालेल का? चालेल. अंक पट्टीवर लिहायचे, भागाकार वजाबाक्यांत फोडायचा, वजाबाकी अंकागणिक करायची. पायऱ्या हजारोंनी वाढतील, पण नवे काहीच लागणार नाही.

मग विधान असे : माणसाला ठरीव रितीने जे काढता येते ते सगळे ट्युरिंग यंत्रालाही काढता येते. यालाच चर्च-ट्युरिंग थिसिस म्हणतात. अलोन्झो चर्चने त्याच वर्षी वेगळ्या वाटेने हेच सुचवले होते. उलटी बाजू सोपी आहे. ट्युरिंग यंत्र जे करते ते माणूस वहीपेन्सिलने करू शकतो, हे उघड आहे. सारा भार पहिल्या बाजूवर आहे.

ती सिद्ध का करता येत नाही? कारण सिद्धता ही काटेकोर गोष्टींमध्येच चालते. 'ट्युरिंग यंत्राला काढता येते' ही काटेकोर गोष्ट आहे. 'माणसाला ठरीव रितीने काढता येते' ही आपल्या समजुतीतली गोष्ट आहे. ती आपण ओळखतो, पण तिची व्याख्या आपल्याकडे आधीपासून नव्हती. समजुतीचीच काटेकोर व्याख्या केली तर? मग ती व्याख्या आणि ट्युरिंग यंत्र एकच आहेत हे सिद्ध करता येईल, पण ही नवी व्याख्या समजुतीशी जुळते का, हा प्रश्न जसाच्या तसा उरतो. २००८ मध्ये डेर्शोविट्झ आणि गुरेविच यांनी काही गृहीतकांवरून सिद्धता दिली. ते मोलाचे काम आहे, पण ओझे सिद्धतेवरून गृहीतकांवर सरकले, एवढेच.

सिद्ध होत नसले तरी हे विधान खोटे ठरू शकते, आणि हे फार महत्त्वाचे आहे. एकच रीत पुरे : सगळे जिला ठरीव म्हणतील, पण ट्युरिंग यंत्राला जी जमणार नाही. आधीच्या एका उमेदवाराचा बळी असाच जातो. समजा कुणी म्हणाले, ठरीव रीत म्हणजे ज्यात प्रत्येक चक्राच्या फेऱ्या किती, हे चक्र सुरू होण्याआधीच ठरलेले असते. अशा रितींनी निघणारी सगळी फले एका यादीत मांडता येतात. मग नवे फल घ्या : क्रमांक न दिला की यादीतले न-वे फल न वर काढायचे आणि त्यात १ मिळवायचा. हे निखळ ठरीव आहे, आणि तरी ते यादीतल्या प्रत्येक फलापासून निदान एका ठिकाणी वेगळे आहे. म्हणजे व्याख्या अपुरी. १९२८ मध्ये आकरमानने असेच व्याख्येबाहेर पडणारे, स्पष्टपणे काढता येणारे एक फल दाखवले होते. आपली चक्रवालही लिहिली आहे तशी या व्याख्येत सहज बसत नाही. तीत 'बाकी १ येईपर्यंत फिरवा' असे म्हटले आहे, फेऱ्यांचा आकडा सांगितलेला नाही. ती नेहमी थांबते याची पक्की सिद्धता कृष्णस्वामी अय्यंगारांनी १९२९ च्या सुमारास दिली.

चर्चचा विद्यार्थी क्लीनी याने हाच डाव थिसिसवर टाकून पाहिला. तो यशस्वी झाला असता तर विषयच संपला असता. पण ट्युरिंग यंत्रांच्या यादीवर डाव चालत नाही. न-वे यंत्र न वर थांबलेच नाही तर १ मिळवायचा कशात? न थांबणारी यंत्रे यादीतून गाळावी म्हटले, तर कोणते थांबते आणि कोणते नाही हे ठरवणारी रीत लागते, आणि नेमकी ती अडते. हे लक्षात आल्यावर क्लीनी विधानाच्या बाजूचा झाला. 'थिसिस' हा शब्दही पुढे त्याच्याच लिखाणातून रूढ झाला.

विधानाच्या बाजूने आणखी एक पुरावा आहे. चर्चची, गोडेल-हर्ब्रांडची, ट्युरिंगची आणि पोस्टची व्याख्या एकमेकींपासून फार वेगळ्या दिसतात, तरी सगळ्यांनी काढता येणारी फले तीच. आणि ही समानता मात्र खरोखर सिद्ध झाली आहे. पण मला हा पुरावा एकटा पुरेसा वाटत नाही. चार जण एकाच गोष्टीकडे दुर्लक्ष करूनही एकाच ठिकाणी पोचू शकतात. गोडेलही चर्चच्या व्याख्येवर समाधानी नव्हता. ट्युरिंगने हिशेबनीसाचे विश्लेषण दिल्यावरच त्याची खात्री पटली. खरे बळ त्या विश्लेषणातच आहे. त्याची मर्यादाही तिथेच दिसते : हे विधान हिशेब करणाऱ्या माणसाबद्दल आहे, निसर्गातल्या कोणत्याही प्रक्रियेबद्दल ते काही सांगत नाही, आणि वेगाबद्दल तर नाहीच.

१९७० मध्ये मातियासेविचने डेव्हिस, पुटनम आणि ज्युलिया रॉबिन्सन यांच्या कामावर शेवटची पायरी चढवली आणि हिल्बर्टच्या दहाव्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. प्रमेय म्हणून जे सिद्ध झाले ते एवढेच : असे कोणतेही ट्युरिंग यंत्र नाही. 'अशी कोणतीही रीत नाही' असे म्हणायला मध्ये थिसिस घालावी लागते. पाठ्यपुस्तके हा टप्पा सहसा एका ओळीत उरकतात, हे मला चुकीचे वाटते. तो निष्कर्षाचा अर्धा भाग आहे.

पुढच्या भागात न थांबणारी यंत्रे पाहू. त्याआधी १३ ऐवजी ६७ घेऊन चक्रवाल स्वतः फिरवून पाहा. ८ आणि १ पासून सुरुवात करा. उत्तर ४८,८४२ आणि ५,९६७ आले की हिशेब बरोबर आहे.