दर वाढवल्याचं पत्र

शीव कोळीवाड्यातल्या आमच्या गटातली एक ताई घरी संगणकावर मसाल्याच्या पाकिटांची लेबलं तयार करते. लालबागचे एक मसालेवाले काका पाच वर्षांपासून तिच्याकडूनच काम करून घेतात, पण दर पहिल्या दिवसाचाच, लेबलामागे ६०० रुपये. काका तुटले तर निम्मं काम जाणार, म्हणून तिला विचारायची भीती वाटायची.

पहिलं पत्र तिने लिहिलं त्यात भाडं वाढलं, मुलीची फी वाढली, असं होतं. मी ते बाजूला ठेवायला लावलं. आपल्या घरचा खर्च काकांनी का भरावा? काम काय वाढलं ते सांगायला हवं. मग तिने महिनाभर वहीत तास लिहिले. पूर्वी एका लेबलाला चार तास लागत, म्हणजे तासाला १५० रुपये सुटत. आता काकांना मोबाइलवर टाकायला वेगळं चित्रही लागतं आणि दुरुस्त्या चार-चार वेळा होतात. सहा तास जातात, तासाला १०० रुपयेच पडतात. दुरुस्त्या दोनवर थांबवल्या तर एक तास वाचतो. पाच तासांचे ७५० झाले. दर असा निघाला.

लालबागला मसाल्याची गर्दी मार्चपासून, घरोघरी वर्षाचा मसाला होतो तेव्हा. पाकिटाचा खर्च काका त्याआधीच धरतात. म्हणून पत्र १ डिसेंबरलाच दिलं, तेही बिलासोबत नाही, वेगळं:

‘आदरणीय काका, सप्रेम नमस्कार. पाच वर्षं आपण माझ्याकडे काम देत आहात, याबद्दल आभारी आहे. आता प्रत्येक लेबलासोबत मोबाइलसाठीचं चित्रही करावं लागतं आणि दुरुस्त्याही वाढल्या आहेत. त्यामुळे १ फेब्रुवारीपासून एका लेबलाचा दर ७५० रुपये राहील. त्यात मोबाइलचं चित्र आणि दोन दुरुस्त्या धरल्या आहेत. पुढच्या प्रत्येक दुरुस्तीला १०० रुपये. ज्या लेबलांचा मजकूर आणि फोटो ३१ जानेवारीपर्यंत माझ्याकडे येतील, ती जुन्याच दराने करून देईन. आपली नम्र.’

‘मजकूर आणि फोटो’ हे शब्द मुद्दाम घातले. नाहीतर जानेवारीत ‘दहा लेबलं माझ्या नावावर लिहून ठेव’ असा फोन येतो आणि मजकूर मिळतो एप्रिलमध्ये. ‘चालेल ना?’ असंही कुठे लिहिलं नाही. तसं विचारलं की घासाघीस तिथूनच सुरू होते.

ती तरीही झालीच! काका म्हणाले, ‘६००च ठेव गं.’ ताईने दर न उतरवता काम उतरवलं: ६०० मध्ये फक्त पाकिटाचं लेबल, मोबाइलचं चित्र नाही. काका दोन दिवस गप्प होते. मग लाल तिखट आणि गरम मसाल्याला ७५० कबूल केले, हळद-धण्याला ६०० वालं साधं लेबल घेतलं. ताईने ते बोलणं त्याच दिवशी त्यांना मोबाइलवर लिहून पाठवलं आणि त्यांचं ‘ठीक आहे’ जपून ठेवलं.