पर्यायात सापडलेलं उत्तर

प्रवेश परीक्षेत गणित सोडवलं, आलेला आकडा चार पर्यायांत दिसला, की मुलं निर्धास्तपणे त्यावर क्लिक करतात आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतात. आकडा पर्यायात आहे म्हणजे तो बरोबर असणार, हा समज फार महागात पडतो. प्रश्न काढणारा माणूस शिक्षकच असतो. मुलं कुठे घसरतात हे त्याला पाठ असतं आणि चुकीचे पर्याय तो बहुधा त्या घसरणीतूनच तयार करतो. चिन्ह चुकवलं तर येणारं उत्तर एका पर्यायात, व्यासाला त्रिज्या मानलं तर येणारं दुसऱ्यात. त्यामुळे पर्यायात सापडणं हा उत्तराचा ताळा होऊ शकत नाही.

ताळा करायचा तर तीन मार्ग आहेत: उत्तर प्रश्नात परत घालून बघणं, एककं जुळतात का ते पाहणं आणि ढोबळ अंदाज बांधणं. एमएचटी-सीईटीत भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात, म्हणजे एका प्रश्नाला मिनिटभरही मिळत नाही. तेव्हा तिन्ही मार्ग प्रत्येक गणिताला लावणं शक्य नाही आणि तशी गरजही नसते. कोणता मार्ग कोणती चूक पकडतो आणि कोणत्या चुकीपुढे मुका राहतो, हे कळलं की दहा-पंधरा सेकंदांत काम होतं.

एक नेहमीचं गणित घेऊ. ४० मीटर उंच इमारतीच्या गच्चीवरून सेकंदाला १० मीटर वेगाने दगड सरळ वर फेकला. तो जमिनीवर किती वेळाने पडेल? गुरुत्वीय त्वरण १० धरा. वरची दिशा धन मानली तर जमीन गच्चीच्या ४० मीटर खाली, म्हणून समीकरण असं होतं:

−40 = 10t − 5t²

ते सोडवलं की t² − 2t − 8 = 0 आणि उत्तर ४ सेकंद. पण घाईत अनेक जण वेग आणि त्वरण एकाच दिशेला धरून 40 = 10t + 5t² असं लिहितात. त्याचं उत्तर येतं २ सेकंद, आणि हे २ सेकंद पर्यायांत हमखास असतात.

आता इथे एककं काहीच सांगत नाहीत, कारण दोन्ही उत्तरं सेकंदातच आहेत. उत्तर परत घालून बघण्याचंही एक पथ्य आहे. २ हा आकडा आपणच लिहिलेल्या चुकीच्या समीकरणात घातला तर 20 + 20 = 40, अगदी चोख जुळतं! मुलं नेमकं हेच करतात आणि समाधानाने पुढे जातात. खरं तर उत्तर घालायचं ते आपल्या समीकरणात नाही, प्रश्नातल्या घटनेत. सेकंदाला १० मीटर वेगाने वर गेलेला दगड १ सेकंदात थांबतो, पुढच्या १ सेकंदात परत गच्चीच्या पातळीवर येतो. म्हणजे २ सेकंदांनी तो अजून गच्चीशेजारी हवेत आहे, जमीन ४० मीटर खाली आहे! उत्तर २ पेक्षा मोठंच असलं पाहिजे. ४ सेकंद घेतले तर शेवटचे २ सेकंद उरतात. गच्चीपाशी खाली येताना वेग १० आहे, तेव्हा दोन सेकंदांत वेगामुळे २० मीटर आणि त्वरणामुळे २० मीटर, असे एकूण ४० मीटर. इथे घटना पूर्ण जुळते.

अंदाजाचं बळ मात्र दुसऱ्या जातीच्या गणितांत दिसतं. तांब्याची तार १० मीटर लांब, व्यास १ मिलिमीटर, तांब्याची रोधकता 1.7 × 10⁻⁸ ओहम-मीटर. तारेचा रोध किती? सूत्र R = ρL/A. सूत्र उलटं झालं आणि ρA/L लिहिलं गेलं, तर एकक ओहम न येता ओहम-चौरस मीटर येतं आणि चूक तिथेच उघडी पडते. एककांचा हा पहारा सूत्र विसरलेल्या मुलाला फार उपयोगी आहे. पण सूत्र बरोबर लिहून व्यासालाच त्रिज्या मानलं तर? एकक ओहमच राहतं, उत्तर मात्र चौपटीने कमी होतं: ०.२२ ऐवजी ०.०५४. चौरस मिलिमीटरचे चौरस मीटर करताना 10⁻⁶ ऐवजी 10⁻³ घेतलं तर उत्तर हजारपटीने कमी होतं. इथेही एकक गप्प.

अशा वेळी क्षेत्रफळाचा अंदाज घ्यावा. १ मिलिमीटर व्यासाचं वर्तुळ १ मिलिमीटर बाजूच्या चौरसात बसतं, म्हणून त्याचं क्षेत्रफळ १ चौरस मिलिमीटरपेक्षा थोडं कमीच असणार. पूर्ण १ चौरस मिलिमीटर धरलं तर रोध 1.7 × 10⁻⁸ × 10 ÷ 10⁻⁶, म्हणजे ०.१७ ओहम. खरी तार त्याहून थोडी बारीक, म्हणून रोध ०.१७ पेक्षा थोडा जास्त. पर्यायांत ०.२२ दिसतो, बाकीचे आपोआप गळतात. इतकंच काय, पर्याय एवढे दूर असतील तर पायचा गुणाकार करण्याचीही गरज नव्हती. मला हा मार्ग सगळ्यांत आवडतो, कारण तो ताळाही देतो आणि वेळही वाचवतो. मात्र पर्याय ०.२१ आणि ०.२२ असे चिकटून असले तर अंदाज हतबल होतो. तिथे आकडेमोडच नीट करावी लागते.

बारावीच्या बोर्डाच्या पेपरात सविस्तर गणितांना पर्यायांचा आधार नसतो, लॉग टेबल असतं. तिथली नेहमीची चूक आकड्यांत नसते, दशांश चिन्हाच्या जागेत असते. कॅरॅक्टरिस्टिक ऋण असताना वर्गमूळ काढलं की गडबड होते आणि ०.९ मीटर लांबीच्या लंबकाचा आवर्तकाल १.९ ऐवजी १९ किंवा ०.१९ सेकंद लिहिला जातो. पाठ्यपुस्तकातला सेकंद लंबक आठवला तरी पुरे: सुमारे १ मीटर लांबी, २ सेकंद आवर्तकाल. ०.९ मीटरचा लंबक त्याहून किंचित लवकर झुलणार. सूत्रातला 2π राहून गेला तर उत्तर ०.३ सेकंद येतं. त्याचं एकक सेकंदच असल्याने ती चूकही या आठवणीनेच पकडली जाते.

ताळा करायची वेळ उत्तर आल्याबरोबरची. शेवटी वेळ उरला तर बघू असं ठरवलं, तर प्रश्न पुन्हा वाचण्यातच अर्धा मिनिट जातो. आणि ताळा जुळला नाही तर सगळं गणित पुन्हा करायला बसू नये. तफावत केवढी आहे तेवढं पाहावं. दहाच्या घाताचा फरक असेल तर एकक बदलतानाच्या ओळीकडे जावं. दुप्पट किंवा चौपट असेल तर व्यास-त्रिज्येकडे, आणि उत्तर घटनेशीच विसंगत असेल तर पहिल्या समीकरणातल्या चिन्हांकडे. तिथेही काही सापडलं नाही, तर प्रश्न फेरतपासणीसाठी खूण करून सोडावा. जेईई मेनमध्ये चुकीच्या उत्तराला एक गुण कापला जातो, म्हणून ताळ्यात न बसलेलं उत्तर तिथे तसंच ठेवू नये. एमएचटी-सीईटीत गुण कापत नाहीत, तेव्हा अंदाजाला सगळ्यांत जवळचा पर्याय निवडून पुढे जावं.