सुपरवायझरच्या निरोपाला काय बोलावं?

कारखान्यातल्या निरोप समारंभात शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ ठरलेलंच असतं. भाषणंही ठरलेलीच. कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ, हसतमुख. हीच विशेषणं गेल्या महिन्यात स्टोअरकीपरनाही लावलेली असतात. सत्कारमूर्ती मान खाली घालून हाराची फुलं कुस्करत बसतात.

समजा, भोसरीतल्या एका मशीन शॉपचे सुपरवायझर तीसेक वर्षांनी निवृत्त होतायत आणि बोलायची पाळी तुमच्यावर आली आहे. आधी मॅनेजरकडे नव्हे, रात्रपाळीच्या ऑपरेटरकडे जा. साहेब कशावर चिडायचे, एवढंच विचारा.

बहुधा उत्तर मिळेल, फर्स्ट पीसवर. लेथवर नवं सेटिंग लावलं की पहिला जॉब मोजून पास करून घ्यायचा आणि मगच बाकीचे काढायचे, हा नियम. घाईत कुणी तो डावलला आणि व्यास दोन-तीन शतांश मिलिमीटरने हुकला, तर सकाळपर्यंतचा अख्खा लॉट रिजेक्शनच्या ट्रॉलीत जातो. मग भाषणात म्हणता येतं:

“साहेबांनी मायक्रोमीटर हातात घेतला की जॉब मापात यायचा. आम्हाला वाटायचं, हातात जादू आहे. खरं म्हणजे ते येताना दिसले की आम्हीच दोनदा मोजून ठेवायचो.”

हशा पिकेल आणि त्या हशातच माणसाचा वचकही कळेल. पण लगेच पुढच्या विनोदाकडे वळू नका. पहिल्या रांगेत त्यांची बायको-मुलं बसलेली असतात. त्यांनी तेलकट कपडे पाहिलेत, काम पाहिलेलं नाही. त्यांच्याकडे वळून सांगा: “वहिनी, टूलची धार गेली की मशीनचा आवाज बदलतो, जॉबवर रेघा उमटतात. आम्हाला रेघा दिसल्यावर कळायचं. साहेब आवाजावरूनच मशीन थांबवायला सांगायचे.” या तीन-चार वाक्यांसाठीच हे भाषण असतं, असं मला वाटतं.

काही विनोद मात्र खिशातच राहू द्या. हुकलेलं प्रमोशन, युनियनची जुनी भांडणं, कुणाचं कापलेलं बोट. पैशावरही नको. ग्रॅच्युइटी कायद्याने 30 दिवसांत द्यायची असते, म्हणजे समारंभाच्या दिवशी ती बहुधा हातात आलेली नसते. आणि “उद्यापासून वहिनींच्या हाताखाली ड्यूटी” हा विनोद आधीचे दोन वक्ते करून गेलेले असतातच.

एखादा प्रसंग सांगताना चूक करणारा ऑपरेटर समोर बसला असेल तर त्याला आधी विचारा. तो हसून हो म्हणाला, तर नावानिशी सांगा. नाहीतर “आमच्यातला एक जण” पुरे.

तीन-चार मिनिटांत आटपा. समारंभ पाळी बदलताना ठेवलेला असतो, पहिल्या पाळीची बस फाटकाशी उभी असते आणि साहेबांनाही बोलायचं असतं.