रंग घामाने उतरतो की धुण्याने?

शुक्रवारी संध्याकाळी पार्लरमध्ये बर्गंडी रंग लावून घेतला, शनिवारी सकाळी ट्रेडमिलवर पाऊण तास पळून झालं आणि कपाळ पुसलं, तर पांढऱ्या नॅपकिनवर गुलाबी डाग. पैसे पाण्यात गेले असं वाटतं, पण तसं झालेलं नसतं.

कायमस्वरूपी रंगातला अमोनिया केसावरचे खवले उचलतो. त्यातून रंगाचे बारीक रेणू आत शिरतात आणि पेरॉक्साइडमुळे एकमेकांना जोडले जाऊन इतके मोठे होतात की आतच अडकतात. हे काम पार्लरच्या खुर्चीतच, अर्ध्यापाऊण तासात उरकतं. नॅपकिनवर उतरतो तो बहुधा न अडकलेला, पृष्ठभागावर उरलेला रंग. मात्र नुकताच रंगवलेला केस काहीसा फुगलेला असतो, पाणी पटकन पितो. दोन-तीन दिवस जिम आणि शाम्पू टाळा, असं पार्लरवाले सांगतात ते म्हणूनच. ती खबरदारी आहे, रसायनशास्त्राने घातलेली मुदत नव्हे.

घाम म्हणजे जवळजवळ सगळं पाणीच, थोड्या मिठासकट. भिजलेला केस जाडीने साधारण १५ टक्के फुगतो आणि सैल बसलेला रंग बाहेर निसटतो. त्यातही लाल छटा सगळ्यांत आधी फिक्या पडतात. ब्लीच केलेल्या केसांवरचा निळा किंवा गुलाबी रंग तर आत जोडलाच जात नाही, नुसता चिकटून असतो. त्याला घामही पुरतो. अस्सल मेंदी याच्या उलट, तिचा रंग केसातल्या केराटिनलाच धरून बसतो.

फिनलंडच्या सॉनात तापमान ८० ते १०० अंश असतं, पण हवा कोरडी. तिथे काहीजण लोकरीची टोपी घालून बसतात, डोकं फार तापू नये म्हणून. आपल्याकडच्या जिममधली स्टीम रूम ४०-४५ अंशांचीच, पण वाफेने भरलेली. तिथे केस सतत ओले राहतात, त्यामुळे रंगाला तीच जास्त जाचक.

खरं नुकसान मात्र नंतर होतं. आठवड्यातून पाच दिवस व्यायाम आणि प्रत्येक वेळी कढत पाण्याने शाम्पू, म्हणजे महिन्याला वीस धुणी. एरवी आठ झाली असती. घामाचं मीठ पाण्यात सहज विरघळतं, त्याला फेस लागत नाही. कोमट पाण्याने टाळू खळखळून धुवावी, टोकांना कंडिशनर लावावा आणि शाम्पू आठवड्यातून दोनदाच करावा.

दोष कोणाचा, हे केसच सांगतात. घाम मुळांशी, मानेवर आणि कानशिलांपाशी साचतो, टोकांपर्यंत क्वचितच पोचतो. टोकंच आधी फिकी पडली असतील तर संशय शाम्पूवर घ्यावा. आणि महिन्याभराने भांगात दिसणारी सेंटिमीटरभर पांढरी रेघ? तिथला रंग गेलेला नाही, तो केस नवीन उगवलेला आहे.