शुभेच्छांची लिपी

यंदा चवथीच्या सकाळी आमच्या दूरध्वनीवर आलेले शुभसंदेश आम्ही दुपारी निवांतपणे चाळत बसलो होतो. मजकूर बहुतेकांचा एकच, किंबहुना शब्दही तेच. परंतु काहींनी ते देवनागरीत लिहिले होते, तर काहींनी इंग्रजी अक्षरांत. दोहोंचा अर्थ एक असूनही वाचताना मनावर उमटणारा ठसा एक नव्हता. असे का व्हावे, याचा विचार करू लागलो असता ध्यानी आले की, आपल्या गोमंतकात लिपी ही केवळ लेखनाची सोय कधीच नव्हती.

इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिण्याची सवय नव्या पिढीच्या इंग्रजी-प्रेमातून आली, असा एक सोपा समज आहे. तो आम्हांस पुरता मान्य नाही. ही सवय जडली ती मोबाईलच्या साध्या संदेशातून, आणि तिचे मूळ हिशेबात आहे. अशा एका संदेशात १४० बाइट एवढीच माहिती मावते. रोमन अक्षर सात बिटांत बसते, म्हणून त्यात १६० अक्षरे जातात. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास सोळा बिटे लागतात, म्हणून तेथे ७० चिन्हांवर मर्यादा येते. त्यातही काना, मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षरातला हलन्त ही सारी वेगवेगळी चिन्हे म्हणून मोजली जातात. आपण ज्याला दोन अक्षरांचा शब्द म्हणतो तो ‘बाप्पा’ यंत्राच्या लेखी सहा चिन्हांचा असतो.

एक नेहमीचा संदेश घेऊन पाहावे: ‘आपणांस व कुटुंबीयांस गणेशचतुर्थीच्या हार्दिक शुभेच्छा. गणपती बाप्पा मोरया!’ मधल्या जागा व विरामचिन्हे धरून याची चिन्हे भरतात ७४. म्हणजे अवघ्या चार चिन्हांसाठी एकाचे दोन संदेश होत, आणि सणासुदीच्या दिवशी सवलतीचे दर बंद असल्याने पैसेही दोहोंचे पडत. आता तोच मजकूर असा:

```
Aapnas va kutumbiyans Ganeshchaturthichya hardik shubhechha. Ganpati bappa morya!
```

ही ८१ अक्षरे झाली, देवनागरीहून सात अधिकच. तरीही अर्धा संदेश रिकामा राहिला. भरीस भर म्हणून त्या काळच्या कित्येक फोनांवर देवनागरीच्या जागी नुसत्या रिकाम्या चौकटी उमटत. अशा वेळी ज्याने रोमन पत्करली, त्याला भाषाद्रोही कसे म्हणावे?

या भूमीला हा हिशेब नवाही नाही. फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली राशोल येथे छापले गेले, ते मराठी ओव्यांचे पुस्तक, पण अक्षरे रोमन. रोमन अक्षरांना दोन डझन साचे पुरत; देशी लिपीला काना-मात्रा-जोडाक्षरांसह शेकडो साचे पाडावे लागले असते. यंत्राने लिपी ठरवली. पुढे तीच लिपी एका समाजाची खूण होऊन बसली, आणि यंत्राचे कारण सारे विसरून गेले.

आज मोबाईलवरचे कारणही उरलेले नाही. व्हॉट्सॲपवर ७० चिन्हांची अट नाही, चौकटीही उमटत नाहीत. रोमन कळा दाबून समोर देवनागरी अक्षरे उमटवता येतात. सक्ती गेली आणि निवड आली. सक्तीने लिहिलेल्या अक्षरांतून काही सूचित होत नसते. निवडलेल्या अक्षरांतून मात्र होते.

पेडण्याच्या मावशीला `Matoli baghayla ya` असा निरोप गेला, तर ती तो वाचते खरी, पण आपल्या जवळच्या ज्ञानावर. त्या अक्षरांत ‘ट’ही नाही आणि ‘ळ’ही नाही, ‘माटोळी’ तिच्या डोक्यात आहे म्हणून ती तिला तेथे दिसते. बाहेरगावी वाढलेला नातू तीच अक्षरे ‘मतोली’ अशी वाचील, आणि आपण चुकलो हे त्याला कळणारही नाही. इंग्रजी अक्षरांतली मराठी ज्याला मराठी आधीच येते त्यालाच नीट वाचता येते. त्यामुळे तिच्यात सलगीचा सूर असतो: तुला कळेलच, मग नटवू कशाला? दोन मित्रांत हा सूर शोभतो. त्यांतल्या एकाने एके दिवशी अचानक शुद्ध देवनागरीत ‘नमस्कार’ लिहिले, तर दुसरा दचकून विचारील, काय बिनसले? परंतु ज्या घरी मृत्यू झाला आहे, तेथे हीच सलगी घाईसारखी वाटते. `bhavpurna shraddhanjali` ही अक्षरे वाचून मन भरून आले, असे सांगणारा आम्हांस अद्याप भेटलेला नाही.

येथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. आमच्या माहितीचे कित्येक लोक रोमनच्या आड दडतात, ते इंग्रजीच्या ओढीने नव्हे, तर ऱ्हस्व-दीर्घाच्या भयाने. `shubhecha`, `shubhechha`, `shubhechchha` यांतले काहीही लिहा, हसणारा कोणी नाही. तेच देवनागरीत ‘शुभेच्या’ किंवा ‘हार्दीक’ उमटले की चूक चारचौघांत उघडी पडते. त्यात कळफलक स्वतःच असले पर्याय पुढे करतो, आणि घाईत बोट नेमके त्यांवरच पडते. या भयाला आम्ही पत्रकार व शिक्षक मंडळीही जबाबदार आहोत. अशुद्ध लेखनाची टवाळी करण्यात आम्ही धन्यता मानली. ‘शुभेच्या’ लिहिणाऱ्याने निदान आपल्या लिपीत लिहिण्याचे धाडस केले, हे आम्हांस फार उशिरा उमगले.

आणि आमचा ख्रिस्ती शेजारी? १९८७च्या राजभाषा कायद्याने कोंकणी म्हणून देवनागरी कोंकणीची व्याख्या केली आणि मराठीच्या शासकीय वापरास मुभा ठेवली. रोमी लिपी बाहेर राहिली, ही सल त्या समाजातील अनेकांच्या मनात आहे. अशा घरी नाताळला देवनागरी संदेश धाडणे यात आपल्या बाजूने गैर काही नसते. पण तो वाचताना त्या म्हाताऱ्या शेजाऱ्याला नातवाला हाक मारावी लागणार असेल, तर शुभेच्छा त्याच्यापर्यंत पोचली कोठे? तेथे रोमन अक्षर हेच सौजन्य होय.

मात्र रोमन रोमनमध्येही फरक आहे. आपण `sh` लिहितो ती इंग्रजी शाळेची देणगी. रोमीत ‘श’ साठी `x` येतो, जसा शेल्डे गावाच्या पाटीवर `Xeldem` मध्ये दिसतो, आणि शेवटचा `m` बहुधा नुसता अनुनासिक असतो. तेव्हा आपली रोमन ही त्याची रोमी नव्हे, हे तो पहिल्याच ओळीत ओळखतो.

गेल्या नाताळात आम्ही अशाच एका शेजाऱ्यास `Natalchya hardik shubhechha` असे लिहिले. आयुष्यभर देवनागरीचा कैवार घेतलेल्या आमच्या बोटांना ते जड गेले, हे लपवीत नाही. पाच मिनिटांत उलट टपाली उत्तर आले: `Dev borem korum`. आणि खाली, बहुधा नातवाकडून शिकून घेतलेली, वेलांटी चुकलेली, देवनागरीतली एक ओळ: ‘शेजाऱ्यांक नमस्कार, घरी येवचें.’