ऊर्जेच्या पायऱ्या येतात कुठून?

अणूतल्या इलेक्ट्रॉनला वाटेल तेवढी ऊर्जा घेता येत नाही, ठरावीक पातळ्यांवरच राहावे लागते, हे शाळा-कॉलेजात आपण वाचलेले असते. नील्स बोर यांनी १९१३ साली हायड्रोजनसाठी अशी अट सरळ गृहीत धरली होती. अर्विन श्रोडिंजर यांनी १९२६ साली मांडलेल्या समीकरणातून मात्र ती न मागता मिळते. कशी, हे पाहायला हायड्रोजन लागत नाही. एक रेघ आणि दोन भिंती पुरतात.

समजा, एक इलेक्ट्रॉन फक्त एका रेषेवर हलू शकतो. x = 0 आणि x = L या ठिकाणी अभेद्य भिंती आहेत. मधल्या जागेत त्याच्यावर कसलेही बल नाही. यालाच अनंत खोल विहीर म्हणतात. इलेक्ट्रॉनचे वर्णन तरंगफलन ψ करते आणि त्याचा वर्ग, कण कुठे सापडण्याची शक्यता किती, ते सांगतो. भिंतीपलीकडे शक्यता शून्य, म्हणून तिथे ψ शून्य. ψ मध्ये मध्येच तुटत नाही, त्यामुळे दोन्ही भिंतींवरही ते शून्यच हवे.

विहिरीच्या आत श्रोडिंजरचे समीकरण असे होते:

−(ħ²/2m) d²ψ/dx² = Eψ

इथे m हे वस्तुमान, E ही ऊर्जा आणि ħ म्हणजे प्लांकचा स्थिरांक h भागिले 2π. 2mE/ħ² ला k² म्हटले की उरते ते एवढेच: दोनदा अवकलन केल्यावर जे फलन ऋण चिन्हासह k² पट होऊन परत येते, ते शोधा. साइन आणि कोसाइन दोन्ही तसेच वागतात. म्हणून

ψ = A sin kx + B cos kx

इथे थोडे थांबायला हवे. आतापर्यंत E वर काहीच बंधन आलेले नाही. कोणतीही धन ऊर्जा चालते. पायऱ्या समीकरणात नाहीत, त्या भिंतींमुळे येणार आहेत.

डाव्या भिंतीवर x = 0. तिथे साइन शून्य, पण कोसाइन 1. म्हणून B शून्य असलाच पाहिजे. उजव्या भिंतीवर A sin kL = 0 हवे. A शून्य केला तर कणच उरत नाही. मग sin kL शून्य हवे, आणि ते kL = nπ असेल तेव्हाच होते. n = 0 घेतला तर ψ सगळीकडे शून्य, म्हणजे विहीर रिकामी. ऋण n ने फक्त चिन्ह उलटते, अवस्था तीच राहते. उरले 1, 2, 3... ऊर्जा शून्य धरली तर ψ ही सरळ रेघ होते, आणि ऋण धरली तर घातांकी वक्र; दोन्ही टोकांना शून्य होणे दोघांनाही जमत नाही.

k = nπ/L आता परत ऊर्जेत घालू:

E = ħ²k²/2m = n²h²/8mL²

सतारीच्या तारेलाही दोन्ही टोके बांधलेली असतात आणि तिच्या कंपनसंख्या 1, 2, 3 अशा पटींत वाढतात. इथे पटी 1, 4, 9 अशा आहेत, कारण n च्या पटीत वाढतो तो संवेग, आणि ऊर्जा संवेगाच्या वर्गावर अवलंबून असते.

आता आकडे घालू. L = १ नॅनोमीटर घेतला तर सर्वांत खालची पातळी सुमारे ०.३८ इलेक्ट्रॉनव्होल्ट येते. शून्य नाही: कोंडलेला कण कधीच पूर्ण स्वस्थ बसत नाही. दुसरी पातळी सुमारे १.५०. या दोहोंतला फरक १.१३ इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे वरून खाली उतरताना बाहेर पडणारा प्रकाश साधारण ११०० नॅनोमीटर तरंगलांबीचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त. विहीर निम्मी केली की सगळ्या ऊर्जा चौपट होतात.

विद्यार्थी फसतात ते भिंती −L/2 आणि +L/2 वर घेतल्यावर. पाठ झालेल्या सवयीने ते कोसाइन काढून टाकतात. मग sin(kL/2) = 0 वरून पटी 4, 16, 36 येतात आणि सर्वांत खालची पातळीच गायब होते. हे ओळखणे सोपे आहे: शून्य कुठे मोजायला घेतले यावर ऊर्जा बदलूच शकत नाही. शिवाय खालच्या पातळीच्या तरंगाला भिंतींच्या मध्ये एकही शून्यबिंदू नसतो. साइनला मधोमध असतो, म्हणजे ती पहिली पातळी नव्हे. कोसाइन परत घेतला की 1, 9, 25 मिळतात आणि मालिका पूर्ण होते.

खऱ्या भिंती अनंत उंच नसतात. तरंग थोडा भिंतीत शिरतो, विहीर जणू रुंद होते, आणि प्रत्येक पातळी सूत्राने दिलेल्या किमतीपेक्षा जरा खाली बसते. म्हणून नॅनोमीटरभर आकाराच्या अर्धवाहक कणांना, म्हणजे क्वांटम डॉट्सना, हे सूत्र जसेच्या तसे लावू नये. तिथे विहीर तीन मितींची असते आणि इलेक्ट्रॉनचे परिणामी वस्तुमानही वेगळे धरावे लागते. पण कण लहान केला की पातळ्यांमधले अंतर वाढते आणि रंग लाल बाजूकडून निळ्याकडे सरकतो, ही दिशा सूत्र बरोबर सांगते. या क्वांटम डॉट्सच्या शोधासाठी आणि निर्मितीसाठी बावेंडी, ब्रूस आणि एकिमोव्ह यांना २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.