उदाहरण की अट?

मुलाखतीच्या ईमेलमध्ये असं लिहिलेलं असतं: ‘फोटो ओळखपत्र, i.e., पॅन कार्ड किंवा पासपोर्ट, सोबत आणा.’ ज्याच्याकडे फक्त ड्रायव्हिंग लायसन्स आहे, त्याने काय समजायचं? i.e. म्हणजे ‘म्हणजेच’. त्यामुळे या वाक्यानुसार ही दोनच ओळखपत्रं चालतील. पाठवणाऱ्याला ती नमुन्यादाखल सांगायची असतील, तर तिथे e.g., म्हणजे ‘उदाहरणार्थ’, हवं होतं.

उलटी चूकही होते. फाइल फक्त पीडीएफमध्येच हवी असताना ‘ठरलेल्या फॉरमॅटमध्ये, e.g., पीडीएफ’ असं लिहिलं, की कुणी वर्ड फाइल पाठवतो आणि त्याला दोष देता येत नाही.

दोन्ही रूपं लॅटिन ‘इद एस्त’ आणि ‘एक्झेम्प्ली ग्रातिया’ यांची आहेत. दोन्ही अक्षरांनंतर टिंब द्यावं, मध्ये जागा सोडू नये. अमेरिकी पद्धतीत पुढे स्वल्पविराम येतो. ब्रिटिश लेखनात तो बहुधा गाळतात. e.g.ने सुरू झालेल्या यादीअखेर ‘इत्यादी’ नको. यादी अपुरी आहे हे आधीच सांगून झालेलं असतं.

पाठवण्यापूर्वी त्या जागी ‘म्हणजेच’ आणि ‘उदाहरणार्थ’ घालून वाचा. तरीही शंका उरली, तर ‘फक्त’ किंवा ‘यांपैकी कोणतंही’ असं सरळ लिहा.